कटआउटवर नव्या जागेचं ऊन

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचं काम आहे असं धरू. पुण्यातल्या एका स्टुडिओत पांढऱ्या कागदासमोर एका तरुणीचा फोटो काढलेला आहे. क्रीम रंगाची सुती साडी, काळं पोलकं, सैल बांधलेले केस, एक हात पोटाशी दुमडलेला आणि त्या हातात हिरव्या बांगड्या. दोन्ही बाजूंना मोठे सॉफ्टबॉक्स असल्याने चेहऱ्यावर सावली अशी नाहीच. संपादकांना ती हवी आहे कोकणातल्या रस्त्यावर. रस्त्याचा फोटोही तयार आहे. नोव्हेंबरची संध्याकाळ, चित्राच्या डाव्या बाजूला दूरवर क्षितिजाच्या जरा वर आलेला सूर्य, तांबड्या मातीची वाट, उजवीकडे काजूची गर्द झाडं आणि वाटेच्या कडेला चुन्याने रंगवलेला मैलाचा दगड.

तिला कापून या रस्त्यावर ठेवणं हल्ली फारसं अवघड राहिलेलं नाही. कडा स्वच्छ निघतात, केसही बऱ्यापैकी सुटतात. तरीही ठेवल्याबरोबर ती तिथली वाटत नाही; वहीवर चिकटवलेल्या स्टिकरसारखी दिसते. पुष्कळ जण अशा वेळी रंग थोडा पिवळा करतात, कडेने एक केशरी झळाळी फिरवतात आणि फाइल पाठवून देतात. चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर दिसणारी ती तेजोवलयं याच घाईतून आलेली असतात. पुढाऱ्याच्या मागे सूर्य, तरी उजेड डोक्यापासून पायापर्यंत चारी बाजूंनी सारखाच! असं ऊन पृथ्वीवर कुठे पडत नाही.

घोळ असा आहे की कापताना आपण फक्त माणूस कापत नाही, स्टुडिओतला उजेडही कापून आणतो. तो तिच्या साडीवर, नाकाच्या शेंड्यावर, केसांच्या टोकांवर बसलेला असतो. त्यावर नवा उजेड टाकला तर दोन जागांचे उजेड एकाच अंगावर दिसतात. म्हणून कडेचा प्रकाश, म्हणजे रिम लाइट, आणि आजूबाजूच्या रंगाची झाक, म्हणजे बाउन्स, चढवण्याआधी अंगावरचा जुना उजेड उतरवावा लागतो. माझ्या मते या कामाचा निम्म्याहून अधिक भाग हाच आहे, आणि नेमका तोच वगळला जातो.

किती उतरवायचा, हे कुणाला विचारायचं? आपल्या चित्रात उत्तर कडेलाच उभं आहे. मैलाचा दगड पांढरा आहे, उभा आहे, साधारण माणसासारखाच प्रकाशाला सामोरा आहे. चित्रपटांत संगणकावर केलेली पात्रं खऱ्या दृश्यात बसवायची असतात तेव्हा चित्रीकरणाच्या जागी एक राखाडी आणि एक आरशासारखा चकचकीत गोळा धरून त्यांचं चित्रण करून ठेवतात. राखाडी गोळ्यावरून उजेड कुठून आणि किती येतो ते कळतं, चकचकीत गोळ्यात आजूबाजूची सगळी जागा दिसते. आपल्याकडे गोळा नाही, पण पांढरा दगड आहे. तो नसता तर घराची भिंत, विजेचा खांब, रस्त्यावरचं एखादं वासरू, काहीतरी शोधावं लागलं असतं. पार्श्वभूमीत असं एकही उभं काही नसेल तर शक्यतो दुसरा फोटो निवडावा.

दगड मोठा करून पाहिला की त्यावर तीन वेगळे उजेड दिसतात. डावी कड झगझगीत आहे. रंगाचे आकडे पाहिले तर लाल २५५, हिरवा २१४, निळा १५० च्या आसपास. आपल्याकडे असलेली समोरची बाजू मात्र चांगलीच मळकट आहे, साधारण ११८, ११६, १२८. म्हणजे पांढरा चुना इथे पांढरा नाहीच, किंचित निळसर राखाडी आहे. आणि तळाशी, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत, तोच चुना तांबूस होतो. १४२, १०८, ९२. मावळतीच्या चित्रात समोरची बाजू निळसर कशी, असा प्रश्न पडेल. सूर्य दगडाच्या मागे असल्याने समोरच्या बाजूला थेट ऊन लागतच नाही. तिला उजेड मिळतो तो फोटोग्राफरच्या पाठीमागच्या, पूर्वेकडच्या आकाशातून, आणि ते आकाश निळं आहे. चित्रात ते दिसत नाही, पण दगडावर त्याची नोंद आहे. तरुणीचा चेहराही याच आकाशाकडे वळलेला असणार. तेव्हा मावळती आहे म्हणून चेहरा सरसकट सोनेरी करून टाकला की तिथेच चूक होते.

आता हाच हिशेब साडीला लावू. स्टुडिओच्या फोटोत पांढरा कागद २४५ च्या आसपास आहे आणि साडीची उजळ बाजू २३८, २३०, २१५. याचा अर्थ साडी कागदापेक्षा लाल रंगात जेमतेम कमी, निळ्यात बरीच कमी उजेड परतवते. तेच प्रमाण दगडाच्या समोरच्या बाजूला लावलं तर साडी इथे साधारण ११५, १०९, ११२ दिसायला हवी. क्रीम साडीचा हा आकडा ऐकून संपादक घाबरतात. पण कॅमेरा सूर्याकडे रोखून काढलेल्या फोटोत माणूस असाच दिसतो, आणि पुढे कड उजळली की हीच साडी पुन्हा क्रीम वाटू लागते.

फोटोशॉपमध्ये यासाठी तिच्या लेयरवर, फक्त तिच्यापुरता बांधलेला Curves चा लेयर घ्यायचा आणि उजळ टोक खाली ओढायचं. गडद टोक मात्र खाली न्यायचं नाही, उलट किंचित वर उचलायचं. समोरून सूर्य असताना लेन्सच्या आत प्रकाश पसरतो आणि चित्रातला खोल काळा रंग उरत नाही. काजूच्या झाडांच्या पोटातली सावलीसुद्धा धुरकट तपकिरी असते. पोलक्याचा काळा त्या सावलीपेक्षा काळा राहिला तर सगळं चित्र सोडून नजर तिथेच अडकते. दोन्हींची तुलना करायला वर एक तात्पुरता कृष्णधवल लेयर ठेवावा. रंग बाजूला झाले की उजेडातली चूक लगेच डोळ्यांत भरते.

काही गोष्टी Curves ने जात नाहीत. सॉफ्टबॉक्सने नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळावर सोडलेली पांढरी चकाकी अंधारात राखाडी डाग होऊन बसते. ती शेजारची त्वचा घेऊन हाताने भरून काढावी लागते. डोळ्यांतल्या बुबुळांवर दोन सॉफ्टबॉक्सचे दोन चौकोन असतात. ते दोन्ही मंद करून त्यांच्या जागी वरच्या बाजूला आकाशाची एक पसरट, फिकी झाक ठेवली की पुरे. केसांचा मामला आणखी निराळा. स्टुडिओतल्या पांढऱ्या कागदाने सुट्या केसांना पांढरट किनार दिलेली असते. उजव्या बाजूला, काजूच्या गर्द हिरव्यावर, ही किनार म्हणजे कापल्याची साक्ष; तिथे ती केसांच्याच रंगाने रंगवून मारून टाकायची. डाव्या बाजूला मात्र सूर्य आहे. तिथे उजळ किनार हवीच आहे, तेव्हा ती ठेवून नुसता तिला उन्हाचा रंग द्यायचा. कडेने सर्वत्र एकच सफाई फिरवणारं साधन हा फरक करत नाही.

इतकं झालं की चित्र उदास दिसतं, आणि आता रिम लाइटला जागा होते. समोरची बाजू मंद असल्याशिवाय कडेचा उजेड उठून दिसत नाही; उजळ साडीवर उजळ किनार काढून काय दिसणार?

रिम लाइट नेमका कसा पडतो? मागून येणारा उजेड शरीराच्या वळत्या कडेला जवळपास घासून जातो. अशा तिरक्या कोनात जवळजवळ प्रत्येक पृष्ठभाग एरवीपेक्षा कितीतरी जास्त उजेड परतवतो. डांबरी रस्ता उन्हाकडे तोंड करून पाहिला की आरशासारखा चमकतो, त्याचं कारण हेच. त्यामुळे काळ्या पोलक्यालाही उजळ कड मिळते. समोरून कोळशासारखं दिसणारं पोलकं खांद्याच्या टोकाला सोनेरी होतं. कड किती रुंद, हे दोन गोष्टींवर ठरतं. सूर्य बरोबर पाठीमागे असेल तर ती केसाएवढी बारीक, बाजूला सरकत जाईल तशी रुंद. आणि अंग जितकं सावकाश वळेल तितकी ती पसरट. खांदा आणि दंड गोल आहेत, तिथे जाड. नाकाची कड, बोटांची कड, साडीच्या पदराची दुमड यांवर अगदी बारीक. ए-फोर आकाराच्या पानावर अडीच हजार पिक्सेल उंचीची ही आकृती असेल तर खांद्यावर वीसेक पिक्सेल आणि नाकावर तीन-चार, एवढा फरक असायला हरकत नाही. सगळीकडे सारखी जाडी दिसली की समजावं, यंत्राने फिरवली आहे.

सुरुवात मात्र यंत्राकडूनच करून घेता येते. तिच्या लेयरला Inner Shadow हा इफेक्ट द्यायचा. नावात सावली असली तरी त्याचा ब्लेंड मोड Screen केला आणि रंग दगडाच्या उजळ कडेचा दिला की तो उजेड टाकू लागतो. Angle १६० ठेवला तर उजेड डावीकडून, थोडा वरून येतो. Use Global Light ची खूण काढायची, Distance १४ आणि Size १० च्या आसपास. कड डाव्या बाजूला जाड आणि उजव्या बाजूला जवळजवळ शून्य अशी चंद्रकोरीसारखी तयार होते. मग Layer मेनूतल्या Layer Style मधून Create Layers केलं की ती वेगळ्या लेयरवर सुटी होते आणि मास्क लावून हवी तिथे पुसता येते.

पुसायला बरंच असतं. हनुवटीखाली, काखेत, डोक्याची आड ज्या खांद्याला येते तिथे सूर्य पोहोचत नाही. पायांशी वाटेच्या कडेचं गवत आड येतं, तिथे कड तुटकी हवी. पण यंत्राची खरी मर्यादा पुसण्यात नाही. त्याला फक्त बाहेरचा आकार ठाऊक असतो. तिचा दुमडलेला हात पोटाच्या पुढे आहे हे त्याला कळत नाही. प्रत्यक्षात त्या मनगटाची डावी कड आणि हिरव्या बांगड्यांच्या डाव्या बाजू उजळायला हव्यात. काचेच्या बांगड्या तर मागून आलेल्या उजेडाने आतून पेटल्यासारख्या दिसतात. पदराची एक निरी पोटावर पुढे आली आहे, तिलाही आपली बारीक कड हवी. हे हातानेच करावं लागतं. त्यासाठी उजळ केलेला आणखी एक Curves लेयर घ्यायचा, त्याचा मास्क काळा करायचा आणि लहान, मऊ ब्रशने पांढरं रंगवत जिथे हवं तिथे उजेड उघडायचा. थेट केशरी रंग लावण्यापेक्षा हे बरं, कारण सुती साडीची वीण, त्वचेची लव तशीच राहते आणि उजळते. रंग लावला की सगळं प्लास्टिक होतं. शरीराच्या आतल्या या चार-दोन कडा रंगवल्या की चित्र बसतं. बाहेरची किनार कितीही सुबक काढा, एवढा फरक तिने पडत नाही.

कान विसरू नये. सूर्य मागे असताना कानाच्या पाळीतून उजेड आरपार येतो आणि ती लालसर होते. सावळाराम हळदणकरांच्या समईच्या उजेडातल्या स्त्रीच्या प्रसिद्ध जलरंगचित्रात, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये असलेल्या त्या चित्रात, ज्योतीआड धरलेल्या बोटांच्या कडा अशाच तांबूस उजळल्या आहेत. ते चित्र राजा रविवर्म्याचं म्हणून सर्रास सांगितलं जातं, ते सोडा. पण उजेड अंगावर पडतो तसा अंगातून झिरपतोही, हे बघायचं तर ते चित्र जरूर पाहावं. आपल्या तरुणीच्या डाव्या कानावर लालसर केशरी रंगाचा छोटासा ठिपका पुरतो.

आता बाउन्स. जमीन तांबडी आहे, म्हणून पायापासून गुडघ्यापर्यंत साडी तांबूस करून टाकण्याचा मोह होतो. दगडाकडे पुन्हा पाहा. तांबूसपणा वीतभरच आहे. कारण सूर्य इतका खाली असताना जमिनीवर ऊन फार तिरकं, म्हणून फार थोडं पडतं. क्षितिजापासून दहा अंशांवरच्या सूर्याचा प्रकाश आडव्या जमिनीला साधारण सहावा हिस्साच मिळतो. त्यातलाही बराचसा माती पिऊन टाकते. दुपारी बारा वाजता याच वाटेवर उभ्या असलेल्या माणसाच्या हनुवटीखाली लालसर झाक स्पष्ट दिसते. संध्याकाळी ती निऱ्यांच्या तळाशी, पावलांवर आणि फार तर हातांच्या खालच्या बाजूला राहते. दुपारच्या पार्श्वभूमीवर काम करायचं असतं तर गणित उलटं झालं असतं: रिम जवळपास नाही, जमिनीचा बाउन्स मात्र भरपूर.

झाक कुठे द्यायची याचा नियम सोपा आहे. जो भाग जमिनीकडे तोंड करून आहे आणि ज्यावर दुसरा उजेड नाही, त्यालाच ती मिळते. म्हणून निरीचा फुगवटा नाही, दोन निऱ्यांमधली खोबण रंगते. त्यासाठीही Curves च घ्यायचा. लाल थोडा वर, निळा थोडा खाली, मास्क काळा आणि खालून वर विरत जाणारा पांढरा ब्रश. साडीचा तळ दगडाच्या तळाशी ताडून पाहायचा आणि थांबायचं. उजव्या बाजूला काजूची झाडं अगदी जवळ आहेत, त्यांचीही गडद हिरवट झाक साडीच्या उजव्या कडेवर येते. साडीवर ती चालते. उजव्या गालावर मात्र अगदी थोडी, कारण त्वचेवर हिरवा उजेड दिसला की माणूस आजारी वाटतो. खऱ्या फोटोतही तसंच दिसतं. लग्नाचे फोटोग्राफर नवरानवरीला हिरवळीच्या फार जवळ बसवायचं टाळतात ते याचसाठी. वास्तवाशी प्रामाणिक राहायचं की चेहरा सुंदर ठेवायचा, या प्रश्नात मी चेहऱ्याच्या बाजूने आहे.

रंगीत उजेडाबद्दल एक गोष्ट वारंवार चुकते. उजेडाचा रंग वस्तूच्या रंगावर नुसता बसत नाही, वस्तू त्यातला आपल्याला झेपेल तेवढाच परतवते. तांबडा उजेड क्रीम साडीवर तांबूस दिसतो, हिरव्या बांगडीवर जवळजवळ काळपट होतो आणि काळ्या पोलक्यावर दिसतच नाही. त्यामुळे साडी, बांगड्या आणि पोलकं या तिन्हींवर एकाच तांबड्या रंगाचा पारदर्शक थर दिसला तर ते रंगीत काच समोर धरल्यासारखं वाटतं. Curves या बाबतीतही शहाणपणाने वागतो, कारण तो असलेल्या रंगालाच कमीजास्त करतो. बांगडीत लाल मुळातच नसेल तर वाढवायला त्याच्याकडे काही नसतं.

शेवटी सावली. सूर्य मागे डावीकडे, म्हणजे तिची सावली पुढे उजवीकडे, लांबलचक. दगडाची सावली ज्या दिशेने आणि जितकी लांब आहे, त्याच प्रमाणात हिचीही हवी. ती नसेल तर कडेवरचं ऊन खोटं ठरतं.

तपासायला दोन साध्या युक्त्या आहेत. चित्र आडवं उलटं करून पाहावं. रोज पाहून मेलेली नजर जागी होते. आणि ते टपाल तिकिटाएवढं लहान करावं. इतक्या लहान आकारात तरुणी आधी आणि रस्ता नंतर असं दिसलं तर तिची समोरची बाजू अजून उजळ आहे. नुसती किनारच आधी दिसली तर किनार जास्त झाली आहे. उन्हाची दिशा थोडी चुकली तर सामान्य वाचकाला सहसा कळत नाही. माणसं यात किती कच्ची असतात हे २००५ साली ऑस्त्रोव्स्की, कव्हाना आणि सिन्हा या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवलं आहे. पण काळ्याची खोली आणि कडेचा मऊपणा जुळला नाही तर काहीतरी बिघडलंय एवढं सगळ्यांनाच जाणवतं, नेमकं काय ते सांगता आलं नाही तरी. म्हणून वेळ कमी असेल तर कोन मोजत बसण्यापेक्षा तो काळ्यावर खर्च करावा.

प्रत्येक फोटो असा वाचवता येत नाही. मूळ फोटोत उजवीकडून कडक फ्लॅश असेल, नाकाची धारदार सावली डाव्या गालावर पडली असेल, तर मावळतीच्या डाव्या सूर्याशी ती भांडतच राहते. ती सावली पुसायला जितका वेळ लागतो त्यात फोटो पुन्हा काढून होतो, तोही मागे एक लहानसा लाइट ठेवून.

आणि हे मुखपृष्ठ छापायचं आहे. पडद्यावर झगमगणारा केशरी छापखान्यात जातो तेव्हा चार शाईंत उतरतो, आणि उजळ, गडद केशरी तिथे हमखास मळतो. कागदाच्या पांढऱ्यापेक्षा उजळ असं छपाईत काही नसतंच. म्हणून किनारीचा सर्वांत तापलेला भाग जवळजवळ पांढरा सोडावा आणि केशरी रंग त्याच्या आतल्या बाजूला, उजेड विरतो तिथे ठेवावा. खऱ्या उन्हातल्या फोटोतही कड अशीच दिसते, मधे पांढरी आणि विरताना रंगीत. प्रूफ आल्यावर आधी खांदा पाहावा. तिथे किनार विटकरी रंगाची झाली असेल तर पांढरा भाग कमी पडला आहे, फाइल परत उघडावी लागेल.